वर्णानुक्रम लावण्यापूर्वी नावाआधीची ‘श्री.’, ‘सौ.’, ‘डॉ.’ काढावीत का?

वाचनालय स्वयंसेविका
आमच्या गावच्या वाचनालयाची सभासद-यादी आम्ही वहीतून संगणकावर घेत आहोत. वहीत सगळी नावे ‘श्री.’, ‘सौ.’, ‘श्रीमती’, ‘कु.’, ‘डॉ.’ यांनीच सुरू होतात, पुढे नाव आणि मग आडनाव. वर्णानुक्रम लावला की जवळजवळ सगळे पुरुष ‘श’मध्ये आणि बहुतेक स्त्रिया ‘स’मध्ये जमा होतात. उपाध्या काढून क्रम लावावा का?

तक्तेवाला
काढाव्यात, पण मूळ नावाला हात लावू नये. शेजारी ‘क्रमनाव’ असा एक रकाना करून त्यात उपाधीविना नाव घ्यावे आणि यादी त्या रकान्यावर लावावी. कार्डावर आणि पत्रावर छापायला मूळ नाव जसेच्या तसे राहते.

उपाधीसकट क्रम लावण्यातला खरा दोष एका सभासदामुळे माझ्या ध्यानात आला. आमच्या यादीत त्या ‘सौ.’ म्हणून होत्या. यजमान गेल्यानंतर वार्षिक नूतनीकरणात कोणीतरी ‘श्रीमती’ केले, आणि पुढच्या वेळी त्या पुस्तक बदलायला आल्या तेव्हा ‘स’मध्ये त्यांचे नाव मिळेना. टेबलावरच्या मुलाने त्यांना तोंडावर विचारले, “तुम्ही सभासद आहात ना?” त्यांचे नाव ‘श’मध्ये जाऊन बसले होते. माणसाचे नाव बदलत नाही, उपाधी मात्र लग्नाने, वैधव्याने, पदवीने बदलते. जे बदलते त्यावर क्रम लावला की माणूस यादीत हरवतो.

निवृत्त शिक्षक, सातारा
मला हा विचारच पटत नाही. माझ्या आईच्या नावाआधी लोक ‘श्रीमती’ लावत असत, आणि एका कार्यक्रमपत्रिकेत तिचे नाव नुसतेच छापले गेले तेव्हा ती दिवसभर अस्वस्थ होती. संगणकाच्या सोयीसाठी ज्येष्ठांचा मान काढून घेणे योग्य नाही.

तक्तेवाला
सर, तुमच्या आईंना वाईट वाटले ते रास्तच होते, पण येथे छापील नावातून काहीच काढायचे नाही. क्रमनावाचा रकाना सभासदाला दिसतही नाही; पत्रिकेवर ‘श्रीमती’ राहणारच.

पुणेरी हिशेबनीस
एवढा घोळ कशाला? आडनाव आधी लिहा, म्हणजे प्रश्नच मिटतो. आणि उपाध्या काढायच्याच असतील तर ‘श्रीमती’, ‘श्री’, ‘सौ’, ‘कु’ ही अक्षरे सुरुवातीला दिसली की पुसून टाकायची, पुढे टिंब असो वा नसो. वहीत टिंब कधी असते, कधी नसते.

तक्तेवाला
आडनावाचा सल्ला चांगला आहे, पण त्याने प्रश्न निम्माच सुटतो. एका आडनावाची तीस माणसे असली की आतला क्रम पुन्हा पहिल्या नावावरच येतो, आणि ‘कुलकर्णी, श्री. अनंत’ हे ‘कुलकर्णी, माधव’च्या खाली जाते.

दुसऱ्या सूचनेत मोठा धोका आहे. टिंब ऐच्छिक ठेवून नुसती अक्षरे पुसली तर ‘सौरभ’चे ‘रभ’ होते, ‘श्रीधर’चे ‘धर’ आणि ‘कुणाल’चे ‘णाल’. उपाधीनंतर टिंब किंवा मोकळी जागा यांपैकी एक तरी असलेच पाहिजे, ही अट हवी. गूगल शीट्समध्ये मी हे सूत्र वापरतो:

```
=REGEXREPLACE(A2,"^((श्रीमती|श्री|सौ|कु|डॉ|प्रा)[. ]+)+","")
```

शेवटच्या `+` मुळे ‘प्रा. डॉ.’ अशी जोडउपाधीही एकदम निघते. पायथन वापरणाऱ्यांनी येथे `\b` ही शब्दसीमा वापरू नये. त्यातले `re` काना-मात्रांना अक्षर मानत नाही, त्यामुळे `^सौ\b` हे ‘सौरभ’मध्ये लागू पडते आणि ‘सौ. मीना’मध्ये पडत नाही, म्हणजे नेमके उलटे होते. वकील सभासद असतील तर ‘ॲड.’ दोन्ही प्रकारे यादीत घालावे, कारण कोणी ‘ॲ’ हे एकच अक्षर टंकते आणि कोणी ‘अ’वर चंद्र देते. दिसायला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे.

सूत्र चुकले की नाही हे पाहायला आणखी एका रकान्यात नावातून काय काय निघाले ते घ्या आणि त्यातल्या वेगवेगळ्या नोंदी काढा. दहा-पंधराच निघतील. त्यांत टिंब किंवा जागा नसलेला ‘सौ’ दिसला, तर कुठल्यातरी सौरभचा बळी गेला आहे असे समजावे.

जुना ग्रंथपाल
हे सूत्र सभासदांना चालेल, पण कोणी ते ग्रंथकारांच्या यादीवर चालवेल या भीतीने लिहीत आहे. मराठीत ‘श्री.’ ही केवळ उपाधी नाही, ते आद्याक्षरही आहे. ‘श्री. ना. पेंडसे’ म्हणजे श्रीपाद नारायण पेंडसे, ‘श्री. व्यं. केतकर’ म्हणजे श्रीधर व्यंकटेश केतकर, ‘श्री. म. माटे’ म्हणजे श्रीपाद महादेव माटे. तुमचे सूत्र पेंडशांना ‘ना. पेंडसे’ करून ‘न’मध्ये पाठवील. ‘चि.’ यादीत घालताना अनुस्वाराची काळजी घ्यावी लागेल, नाहीतर हातून ‘चिं. वि. जोशी’ जायचे; तेथे चिरंजीव कोणी नाही, चिंतामण आहेत. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: उपाधी माणसाने नाव वाचून काढावी, यंत्राने काढू नये.

तक्तेवाला
पेंडशांचे उदाहरण मी मान्य करतो, माझ्या सूत्रात ती चूक आहे. मात्र तिथेही एक खूण सापडते. आपल्याकडे स्वतःचे आणि वडिलांचे अशी दोन आद्याक्षरे लिहिण्याची रीत आहे. ‘श्री.’नंतर एकच आद्याक्षर येऊन लगेच आडनाव आले, तर ‘श्री.’ हे बहुधा नावाचेच, ‘श्री. ना. ग. गोरे’ यात मात्र त्यानंतर दोन आहेत, म्हणजे तेथे ती उपाधी. एक आद्याक्षर उरलेल्या नोंदी बाजूला काढून त्या तेवढ्या माणसाने वाचाव्यात.

जुना ग्रंथपाल
जे एकच आद्याक्षर लिहितात त्यांचे काय? ‘श्री. र. जोशी’ यावरून तो रमेश आहे की श्रीपाद रघुनाथ, हे तुमची खूण सांगू शकत नाही. त्यासाठी सभासद-अर्जच उघडावा लागतो. मी आजवर तेच करत आलो आहे, आणि त्यात वेळ गेला याचे मला वाईट वाटत नाही.

मंजिरी, नाशिक
माझ्या मुलाचे नावच ‘श्री’ आहे. नुसते श्री, पुढे आडनाव. सूत्राने त्याचे केवळ आडनाव उरेल आणि एका घरातल्या दोघांपैकी कोण कोणता ते कळणार नाही. अशी मुले आता कमी नाहीत, तेव्हा ‘टिंब किंवा जागा’ याऐवजी ‘टिंबच हवे’ अशी अट का घालू नये?

तक्तेवाला
कारण जुन्या वहीत ‘श्री रमेश पाटील’ असे टिंबाविना लिहिलेले पुष्कळ असते, आणि ते सगळे ‘श’मध्येच राहतील. तुमच्या मुलासाठी उपाय एवढाच की उपाधी काढल्यावर ज्याचा एकच शब्द उरतो, ती नोंद सूत्राने सोडून द्यावी. तुम्ही मुलाच्या वडिलांचे नावही लिहीत असाल, तर मात्र हा उपाय तोकडा पडतो.

जुना ग्रंथपाल
आणि कुमार गंधर्वांचे काय करणार? तेथे ‘कुमार’ काढले तर नावच उरत नाही. ‘कु.’ यादीत घेताना कोणी ‘कुमार’ही घेईल, म्हणून आताच सांगून ठेवतो.

वाचनालय स्वयंसेविका
काल रात्री वेगळा रकाना करून पाहिला. निघालेल्या उपाध्यांत ‘ह.भ.प.’ नव्हतीच, कारण सूत्रात ती मी घातली नव्हती, आणि आमचे तीन कीर्तनकार ‘ह’मध्ये एकत्र बसले आहेत. ती घातली. ‘श्री.’नंतर एकच आद्याक्षर असलेली अकरा नावे निघाली, त्यांचे अर्ज शनिवारी कपाटातून काढून वाचणार आहे. एका अर्जावर सभासदाने स्वतःच्या हाताने ‘सौ.’ खोडून नुसते नाव लिहिले आहे, आणि वहीत मात्र ‘सौ.’ तसेच आहे. कार्डावर यांपैकी काय छापावे?