मदत हवी आहे: मोबाइल योजनेतील बदलाची सूचना पहिल्याच वाचनात कळेल अशी कशी लिहावी?

वाशी_सचिव: आमच्या सोसायटीतील बहुतेक ज्येष्ठ सभासद एकाच कंपनीची एकच योजना वापरतात. तिच्याविषयी आलेला पुढील संदेश सोपा करून लिफ्टशेजारच्या फलकावर लावण्याचे काम माझ्याकडे आले आहे: ‘आपल्या सोयीसाठी योजना अद्ययावत करण्यात आली आहे. किंमत पूर्वीइतकीच, ६३० रुपये. वैधता व इतर लाभ सुधारित.’ मी ‘दरवाढ नाही’ असे लिहिले, तर दोघांनी ते चूक ठरवले. मजकूर उद्या सकाळपर्यंत हवा आहे.

ऐरोलीकर: पूर्वीची वैधता किती, आताची किती आणि बदल केव्हापासून, हे आपण सांगितलेलेच नाही.

कोपरी_७२: एवढा खटाटोप कशाला? १९०० वर संदेश पाठवून नंबर दुसऱ्या कंपनीकडे न्यावा. मी दोनदा नेला आहे.

वाशी_सचिव: प्रश्न मजकुराचा आहे. योजना प्रीपेड आहे, वैधता ८४ दिवसांची ७० झाली असून बदल येत्या १ तारखेपासून आहे. रोजचा दीड जीबी डेटा कायम आहे. मात्र रात्री १२ ते ६ चा मोफत डेटा आणि उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरण्याची सोय गेली.

हिशेबनीस_ठाणे: मग ही दरवाढच आहे. ६३० रुपये ८४ दिवसांना पुरत, तेव्हा दिवसाला साडेसात रुपये पडत. आता ७० दिवसांत ९ रुपये पडतील, म्हणजे २० टक्के वाढ, वर्षाला सुमारे ५४७ रुपये. शिवाय जे सवयीने बारा आठवड्यांनी रिचार्ज करतात, त्यांची सेवा चौदा दिवस आधीच थांबेल, आणि ही गोष्ट त्यांना पैशांपेक्षा जास्त नडेल.

जुना_पोस्टपेड: माझ्या बिलात भाड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, तोही लिहावा.

हिशेबनीस_ठाणे: तो पोस्टपेडचा प्रश्न आहे, यांच्या ६३० रुपयांत कर धरलेला असावा, पावती पाहावी.

ऐरोलीकर: ट्रायच्या नियमाने घेतलेली योजना सहा महिने ग्राहकाच्या तोट्याची बदलता येत नाही. त्यामुळे पुढचे रिचार्जही जुन्याच अटींवर मिळायला हवे.

हिशेबनीस_ठाणे: सहा महिन्यांचे संरक्षण आहे, हे खरे. परंतु व्यवहारात कंपन्या प्रत्येक प्रीपेड रिचार्ज नवी खरेदी मानतात, म्हणून फलकावर तसे आश्वासन देऊ नये. मी असे लिहीन:

‘१ तारखेपासून ६३० रुपयांचे रिचार्ज ८४ ऐवजी ७० दिवस चालेल. दिवसाचा खर्च साडेसातवरून ९ रुपये होईल. रात्रीचा मोफत डेटा आणि उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरण्याची सोय बंद होईल. रोजचा दीड जीबी डेटा तसाच राहील. सध्या चालू असलेले रिचार्ज संपेपर्यंत त्याच्या जुन्याच अटी राहतील.’

ऐरोलीकर: पुढच्या रिचार्जविषयीचे आपले म्हणणे मला अजूनही पटलेले नाही.

वाशी_सचिव: मजकूर घेत आहे. मात्र तिघांनी पुढचे रिचार्ज आगाऊ करून ठेवले आहे आणि ते १ तारखेनंतर सुरू होईल. त्यांना ८४ दिवस मिळतील की ७०?

हिशेबनीस_ठाणे: ते संदेशावरून ठरत नाही. कंपनीकडून लेखी उत्तर आणि तक्रार क्रमांक घ्यावा. तोवर ती ओळ फलकावर लिहू नये.