मदत हवी आहे: बॅटरी स्वॅपिंगची स्कूटर घ्यावी की घरी चार्ज होणारी? (पुणे)

रास्ता_पेठकर:
नमस्कार मंडळी. धाकट्या भावासाठी इलेक्ट्रिक स्कूटर बघतोय. तो हडपसरला नोकरीला आहे आणि संध्याकाळी सात ते दहा डिलिव्हरीची कामं करतो. रोजचं रनिंग साधारण ६० किमी. आम्ही पेठेतल्या जुन्या वाड्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. पार्किंग म्हणजे बोळ, तिथे प्लग पॉइंट नाही. दुकानदार म्हणतो स्वॅपवाली घ्या, स्वॅप स्टेशनवर दोन मिनिटांत बॅटरी बदलून मिळते. हे स्टेशन नेमकं चालतं कसं? आणि 'दोन मिनिटं' खरंच दोन मिनिटं असतात का?

कोथरूडची_मावशी:
आमच्या सोसायटीत तर कमिटीने पार्किंगमध्ये १५ अँपियरचा सॉकेट द्यायलाच नकार दिला. कॉमन मीटरचं बिल कोण भरणार म्हणे. शेवटी मी स्वतःच्या मीटरवरून पाईपमधून केबल खाली आणली, वेगळा एमसीबी लावला. तुम्हीही घरमालकाशी बोलून तसंच करा.

रास्ता_पेठकर:
मावशी, आमचा मालक गळकी कौलं बदलायला तयार नाही, केबल कुठली टाकू देतोय!

टू_व्हीलर_प्रेमी:
सोपं आहे. बॅटरी बाहेर निघणारी कुठलीही स्कूटर घ्या. निघते म्हणजे स्वॅप होते. स्टेशन दिसलं की बदलायची, नाही दिसलं तर घरी नेऊन लावायची. दोन्ही फायदे.

चार्जर_दुरुस्ती:
वरच्या प्रतिसादातलं अर्धंच खरं आहे. बॅटरी निघते म्हणून ती स्टेशनवर चालेलच असं नाही. हिरोच्या विडासारख्या गाडीत बॅटरी निघते, पण ती सहसा तुमच्या मालकीची असते आणि तुम्ही ती घरी चार्ज करता. होंडाच्या ऍक्टिव्हा ई मध्ये दीड-दीड युनिटच्या दोन बॅटऱ्या असतात, त्या फक्त कंपनीच्या स्टेशनवर बदलायच्या, घरी चार्ज करायची सोयच नाही. आणि एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या स्टेशनवरच्या कपाटात जात नाही. आकार, व्होल्टेज, कनेक्टर सगळं वेगळं. समजा आत बसली तरी बॅटरीतला बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, आणि कपाट यांची आधी आपसात ओळखपाळख होते. ती पटली नाही तर चार्जिंग सुरूच होत नाही.

आता स्टेशन. ते म्हणजे कप्प्यांचं एक कपाट, प्रत्येक कप्प्यात स्वतंत्र चार्जर. एक कप्पा मुद्दाम रिकामा ठेवलेला असतो. ऍपवरून ओळख पटली की त्याचं दार उघडतं. त्यात तुमची उतरलेली बॅटरी घातलीत की कपाट तिचा नंबर, उरलेला चार्ज आणि तापमान वाचतं, दार लॉक करतं आणि भरलेल्या बॅटरीचा कप्पा उघडतं. तो आता रिकामा झाला, म्हणून दुसरी बॅटरी त्यात. हे सगळं खरोखर दोन-तीन मिनिटांत होतं. नेटवर्क गेलं तर मात्र कपाटासमोर नुसतं उभं राहायचं.

रास्ता_पेठकर:
म्हणजे वेळेचा प्रश्न सुटला?

चार्जर_दुरुस्ती:
नाही ना. तुमच्या भावाचा प्रश्न तिथेच सुरू होतो. बॅटरी बदलायला दोन मिनिटं लागतात, भरायला नाही. ते काम तुमच्या पाठीमागे कपाट करत असतं, इतकंच.

हिशोब मांडून बघा. समजा १२ कप्पे, त्यात ११ बॅटऱ्या, प्रत्येकी दीड युनिटची. कप्प्यातला चार्जर ६०० वॉटचा धरू. दीड भागिले ०.६ म्हणजे अडीच तास. वरचा शेवटचा भाग भरताना करंट कमी करावा लागतो, म्हणून पूर्ण भरायला तीनच्या जवळ धरा. संध्याकाळी सातला सगळ्या ११ भरलेल्या आहेत. एका गाडीला दोन लागतात. पाच गाड्या येऊन गेल्या की एकच भरलेली उरते. हे पाचजण अर्ध्या तासात आले, तर सहाव्याला काय मिळणार? त्यांनी ठेवलेल्या बॅटऱ्या भरून यायला दहा-साडेदहा वाजतील. प्रत्यक्षात लोक थोडा चार्ज उरलेला असतानाच येतात, त्यामुळे थोडं लवकर होतं, पण चित्र तेच. दिवसभरात हेच कपाट भरपूर गाड्या सांभाळेल, मात्र जेवणाच्या वेळी सगळे डिलिव्हरीवाले एकदम आले की कोरडं पडेल. मग पूर्ण भरलेली नाही, ७०-८० टक्क्यांची मिळते, कधी तीही नाही.

एप्रिल-मेमध्ये आणखी एक गंमत. दुपारी उन्हातून पळवून आणलेली बॅटरी तापलेली असते. आतल्या सेलचं तापमान साधारण ४५ अंशांच्या वर असेल तर बीएमएस चार्जिंग घेऊ देत नाही. कप्प्यात बसते, दिवाही लागतो, पण गार होईपर्यंत भरत नाही. म्हणून स्टेशन बघताना नुसता भरलेल्या बॅटऱ्यांचा आकडा बघू नका. ते सावलीत आहे का आणि पंखे चालू आहेत का, तेही बघा.

हिंजवडी_एक्सप्रेस:
मला हे पटत नाही. माझी नवीकोरी बॅटरी देऊन मी कोणाची तरी घासलेली का घेऊ? मोबाईल देऊन जुना मोबाईल घेण्यासारखं झालं!

चार्जर_दुरुस्ती:
पण ती तुमची नसतेच. २०२० साली केंद्राने बॅटरीशिवाय गाडी विकायला आणि नोंदवायला परवानगी दिली, त्यानंतर बॅटरी भाड्याने देण्याचा मार्ग मोकळा झाला. जुनी होण्याचा तोटा कंपनीचा. तुमचा मुद्दा एका अर्थी बरोबर आहे: १०० टक्के दाखवणाऱ्या दोन बॅटऱ्या सारखं अंतर देत नाहीत. जुनीचे १०० टक्के म्हणजे कमी युनिट. ओळखायचं कसं? दर दहा टक्क्यांना किती किमी पडले ते बघा. नेहमीच्या रस्त्यावर अचानक खूप कमी झाले, तर बॅटरीचा नंबर टिपून तक्रार करा. स्वतःच्या बॅटरीत ही घसरण हळूहळू होते, स्वॅपमध्ये मात्र रोज नशीब वेगळं.

कोथरूडची_मावशी:
आणि खर्च? माझं चार्जिंग तर बिलात कळतही नाही.

चार्जर_दुरुस्ती:
किमीला ३५-४० वॉट-तास धरले, तर ६० किमीला साधारण सव्वादोन युनिट. चार्जरमधला तोटा धरून मीटरवर अडीच-पावणेतीन. युनिटला १२ रुपये धरा, म्हणजे दिवसाला तीस-तेहतीस रुपये. तुमच्या स्लॅबप्रमाणे कमीजास्त होईल. स्वॅपला यापेक्षा जास्त पडणार, कारण त्यात बॅटरीचं भाडंही आहे. तुलना करताना घरी चार्ज होणाऱ्या गाडीची जास्तीची किंमत तिच्या बाजूला धरायला विसरू नका. योजना विचारताना एकच गोष्ट नीट विचारा: ३० टक्के उरलेली बॅटरी परत केली, तर पूर्ण स्वॅपचे पैसे लागतात की जेवढी वीज वापरली तेवढ्याचे?

टू_व्हीलर_प्रेमी:
मग यांनी घ्यायचं काय ते सांगा की.

चार्जर_दुरुस्ती:
निघणारी, स्वतःच्या मालकीची बॅटरी असेल तर रोज दहाएक किलोची एकेक बॅटरी घेऊन तीन जिने. रात्री दहानंतर, दमून. भावाला विचारा, मी कसं सांगू? स्वॅप घ्यायची तर ऑफिस आणि डिलिव्हरीचा भाग, दोन्हीकडे त्याच कंपनीचं कपाट हवं. आणि त्याने सातच्या आधी, निघतानाच बॅटरी बदलून घ्यायची. ६० किमी एका जोडीत निघतात, म्हणजे ऐन गर्दीत जायची वेळच येऊ नये.

रास्ता_पेठकर:
हे डोक्यातच आलं नव्हतं. भाऊ म्हणतो तीन जिने चालतील, पण वाड्याचं वायरिंग जुनं आहे, एकाच फेजवर चार बिऱ्हाडं. रात्रभर चार्जर लावला तर चालेल का?

कोथरूडची_मावशी:
आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. आमच्याकडे अर्थिंगच नव्हतं, केबल टाकताना कळलं.

चार्जर_दुरुस्ती:
मावशींशी सहमत. ७००-८०० वॉटचा चार्जर म्हणजे लोड गीझरपेक्षा कमी, पण गीझर दहा-पंधरा मिनिटं चालतो आणि हा चार-पाच तास. तासाभराने प्लगला हात लावून बघा, गरम लागला तर सॉकेट बदला. बॅटरी मात्र जिन्यात किंवा दारात चार्जिंगला लावू नका. वाड्याचा जिना लाकडी असणार, आणि बाहेर पडायची वाट बहुधा तेवढीच.