'लेट-थ्रू एनर्जी'ला मराठीत काय म्हणावं?

धरमपेठची अनुवादिका

वायरमनच्या प्रशिक्षणासाठी एक पुस्तिका मराठीत करते आहे. एका वाक्यावर दोन दिवस अडकले. आशय असा: केबलचा आडवा छेद शॉर्ट सर्किटला पुरेल का, हे ॲडियाबॅटिक समीकरणाने तपासावे आणि त्यासाठी संरक्षक उपकरणाची 'लेट-थ्रू एनर्जी' घ्यावी. मी 'पारगामी ऊर्जा' लिहिलं होतं. संपादकांनी खोडून 'निसटती ऊर्जा' केलं. मला दोन्ही आवडत नाहीत. आणि 'ॲडियाबॅटिक'चं काय करायचं? हिंदीतला 'रुद्धोष्म' उचलायचा का?

शब्दवेडा

'निसटती' नको. निसटतं ते नकळत, आपल्या मनाविरुद्ध. 'लेट' मध्ये परवानगी आहे, नाइलाजाची का असेना.

गंमत बघा, दोन्ही शब्द एकाच वाक्यात आले आहेत आणि अर्थाने एकमेकांच्या उलट आहेत. ॲडियाबॅटिक मुळात ग्रीक. 'अ' म्हणजे नाही, 'दिआ' म्हणजे आरपार, आणि पुढे जाण्याचा धातू. ज्यातून पार जाता येत नाही ते. म्हणजे एक शब्द म्हणतो 'पार जाऊ दिलं', दुसरा म्हणतो 'पार जाता आलं नाही'. नेमकं काय पार जातं आणि काय जात नाही, हे कुणी जाणकाराने सांगितलं तर शब्द सापडेल.

बीई दुसरं वर्ष

ताई, लेट-थ्रू म्हणजे गळती ना? आमच्याकडे त्रिमूर्तीनगरला पावसाळ्यात ईएलसीबी सारखी पडते. गीझर काढला की बसते. तेव्हा 'गळती ऊर्जा' सरळ होईल.

पॅनेलताई

नाही रे. गळती म्हणजे वाट सोडून जमिनीकडे जाणारा करंट, तोही मिलिॲम्पिअरमध्ये. इथे करंट हजारोंनी आहे आणि आपल्याच तारेतून चालला आहे. शॉर्ट झाल्यापासून एमसीबीने तो पूर्ण तोडेपर्यंत जेवढं तारेतून जातं, ते लेट-थ्रू. तोडायला वेळ लागतो, तेवढ्या वेळात जे जाऊ दिलं ते.

आणि पार न जाणारी गोष्ट म्हणजे उष्णता. शॉर्ट इतका थोडा वेळ टिकतो की तांब्यात झालेली उष्णता इन्सुलेशनमधून बाहेर पडायच्या आधीच सगळं संपतं. म्हणून हिशेबात धरतात की सगळी उष्णता तांब्यातच राहिली आणि तांबंच तापलं. यापलीकडे त्या शब्दात काही नाही. तपासणी एवढीच:

I²t ≤ k²S²

डावीकडे एमसीबीने जाऊ दिलेलं, उजवीकडे तारेला सोसवणारं. S म्हणजे चौरस मिलिमीटर. तांब्याच्या पीव्हीसी केबलला k ११५. तो आकडा ७० अंशांवरून १६० अंशांपर्यंत तापण्यासाठी आहे. एक्सएलपीई असेल तर ९० वरून २५० पर्यंत चालतं, म्हणून k १४३.

हिंगण्याचा वायरमन

राजेहो, हे वाचून मले माही भानगड आठवली. हिंगणा एमआयडीसीत एका कारखान्यात ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर हाये. पॅनेलवरून प्लॉटच्या कोपऱ्यातल्या बोअरपर्यंत ४ स्क्वेअरची चार कोरची तांब्याची केबल टाकली, पंच्याऐंशी मीटर. साडेसात एचपीचा पंप. वर सी कर्व्हचा ३२ चा एमसीबी. इन्स्पेक्शनवाला साहेब आला अन् म्हणते, केबल बदला, १० स्क्वेअर टाका. काऊन? तर म्हणे ॲडियाबॅटिकमध्ये बसत नाही. मालक माह्यावर तापला. आता सांगा, कोण चुकलं?

निवृत्त उपअभियंता

साहेबांचा हिशेब बरोबर असावा. पॅनेलवर शॉर्ट सर्किट करंट किती होता?

हिंगण्याचा वायरमन

कागदावर ९ केए लिहिलं होतं काका.

निवृत्त उपअभियंता

मग झालं तर. ९००० चा वर्ग गुणिले १० मिलिसेकंद, म्हणजे ८,१०,००० येतात. ४ स्क्वेअरला ११५ चा वर्ग गुणिले १६, म्हणजे २,११,६००. चौपट फरक आहे. उलट काढलं तर ७.८ चौरस मिलिमीटर हवेत, त्याच्या वरचा साइज १०. शिवाय नागपूरच्या उन्हाळ्यात k आणखी कमी धरला पाहिजे. मध्यंतरी ५६ अंशांची बातमी आली होती, आठवते ना?

पॅनेलताई

काका, ती ५६ ची नोंद सेन्सरची चूक होती, हवामान खात्यानेच सांगितलं. बाकी ४५-४६ आपल्याला नवे नाहीत, पण त्यासाठी k बदलायचा नसतो. k आधीच ७० अंशांपासून सुरुवात धरतो, म्हणजे केबल पूर्ण लोडवर तापलेली आहे असंच मानतो. उन्हाळ्याचा हिशेब लोडचा करंट ठरवताना करायचा. तिथे डीरेटिंग केलं नसेल आणि केबल गच्चीवर उन्हात ७० च्या वर चालत असेल, तर मात्र तुमचं म्हणणं खरं आहे.

खरी गल्लत ८,१०,००० मध्ये आहे. हा आकडा असं मानतो की पूर्ण ९ केए दहा मिलिसेकंद तारेतून वाहिला. एमसीबी तेवढा वाहू देतच नाही. मोठ्या करंटला संपर्क पहिल्या एक-दोन मिलिसेकंदांतच उघडू लागतात, ठिणगी चिमणीतल्या पत्र्यांमध्ये ढकलली जाऊन तिचे तुकडे होतात, तिचा व्होल्टेज चढतो आणि करंट शिखर गाठायच्या आधीच दबतो. म्हणून एवढ्या लहान वेळेला 'करंटचा वर्ग गुणिले वेळ' असा गुणाकार करायचाच नसतो. उत्पादकाच्या कॅटलॉगमधला I²t चा आलेख उघडायचा आणि ९ केएच्या रेषेवर आकडा वाचायचा. माझ्याकडच्या आलेखात सी ३२ ला तो ७०,००० च्या आसपास आहे. वायरमनभाऊंनी त्यांच्या एमसीबीचा बघावा, कंपनीगणिक फरक पडतो. ७०,००० असेल तर २,११,६०० च्या तिसऱ्या हिश्श्यात बसलं. ४ स्क्वेअर आरामात पुरते.

निवृत्त उपअभियंता

आमच्या काळी गुणाकारच करत होतो. आणि जास्त धरलेलं कधी वाईट नसतं.

पॅनेलताई

जास्तच येईल याची खात्री नाही ना काका. करंट न दाबणारा मोठा ब्रेकर असेल तर पहिल्या अर्ध्या आवर्तनात लाट एका बाजूला कललेली असते, आणि खरा I²t तुमच्या गुणाकारापेक्षा वर जाऊ शकतो. म्हणजे तीच पद्धत एमसीबीला उगाच जाड तार मागते आणि मोठ्या ब्रेकरला कमी दाखवते.

धरमपेठची अनुवादिका

थोडं थांबा. ही 'ऊर्जा' असेल तर एकक जूल हवं. तुम्ही सगळे नुसते आकडे देताय. कॅटलॉगमध्ये तर ॲम्पिअर वर्ग सेकंद लिहिलेलं दिसतंय.

पॅनेलताई

बरोबर पकडलंत. ही ऊर्जा नाहीच. दर ओमला किती ऊर्जा, असं म्हणा. रोध गुणला की जूल मिळतात. ४ स्क्वेअरच्या तापलेल्या एक मीटर तारेचा रोध साडेपाच मिलिओम. ७०,००० ने गुणलं की ३८५ जूल. त्या मीटरभर तांब्याचं वजन ३५-३६ ग्रॅम, एक अंश तापवायला साधारण १४ जूल लागतात. म्हणजे जेमतेम २८ अंश वाढ. सत्तरची तार शंभरच्या आत राहिली, पीव्हीसीची हद्द १६०. k मध्ये हाच हिशेब आधीच करून ठेवलेला आहे. आकडा तारेच्या रोधावर अवलंबून नाही, म्हणूनच एमसीबीवाल्याला तुमची तार न बघता तो छापता येतो. इंग्रजीतही काटेकोर लिहिणारे 'जूल इंटिग्रल' म्हणतात, 'एनर्जी' ही बोलीतली सवय.

शब्दवेडा

मग इंग्रजीतली चूक आपण कशाला आयात करायची? 'जाऊ दिलेला I²t' लिहा. ॲडियाबॅटिकसाठी 'उष्णता कोंडून' हे क्रियाविशेषण चालेल. 'रुद्धोष्म' वाचून वायरमन पान उलटेल.

हिंगण्याचा वायरमन

उलटीन नाही तर काय. म्हंजे माही केबल बरोबर होती बाप्पा! उद्याच मालकाले दाखवतो.

पॅनेलताई

भाऊ, घाई करू नका. आतापर्यंत फक्त पॅनेलजवळचा शॉर्ट तपासला. बोअरकडच्या टोकाला काय होतं? पंच्याऐंशी मीटर जायचं आणि तेवढंच अर्थच्या कोरमधून परत यायचं. जाऊन-येऊन एक ओमला थोडा कमी रोध. २४० व्होल्टला फेज आणि अर्थमध्ये २५० ॲम्पिअरच मिळतील. सी कर्व्हचा ३२ चा एमसीबी पाच ते दहा पटींमध्ये कुठेही झटक्यात पडू शकतो, म्हणजे खात्री ३२० ॲम्पिअरलाच. २५० ला नाही पडला तर काम गरम होणाऱ्या पट्टीवर येतं. वरच्या रेषेवर चार सेकंद धरा. २५० चा वर्ग गुणिले ४ म्हणजे २,५०,०००. तुमच्या तारेची हद्द २,११,६००. इतक्या संथ फॉल्टला मात्र काकांचा गुणाकार अगदी योग्य आहे.

हिंगण्याचा वायरमन

अरे देवा. करंट कमी अन् नुकसान जास्त? हे उलटं होऊन राहिलं.

निवृत्त उपअभियंता

ताई, माझं इथे दुमत आहे. चार सेकंदांत उष्णता कोंडून राहते का? थोडी तरी पीव्हीसीत जाणारच. पाच सेकंदांपर्यंत समीकरण वापरतात हे खरं, पण टोकाकडे ते कठोर होत जातं. एवढ्या किरकोळ फरकासाठी मी केबल नापास करणार नाही.

पॅनेलताई

मी करेन, कारण चार सेकंद हाच आकडा ढोबळ आहे. एमसीबी पाच सेकंदांनी पडला तर फरक किरकोळ राहत नाही. पण केबल बदलायची गरज नाहीच. भाऊ, साडेसात एचपीला ११ ॲम्पिअर लागतात, तर ३२ चा का लावला?

हिंगण्याचा वायरमन

खरं सांगू का? थैलीत तोच होता.

पॅनेलताई

सी २० लावा. त्याची दहा पट २००. टोकाचे २५० त्याच्या वर आहेत, म्हणजे झटक्यात पडेल. पंपाचा सुरुवातीचा झटका ६५-७० ॲम्पिअरचा, तो १०० च्या खाली राहतो, त्यामुळे उगाच उडणार नाही. दोन फेज एकमेकांना लागले तर टोकालाही चारशेच्या वर मिळतात, त्याची काळजी नको.

बीई दुसरं वर्ष

पण फेज आणि अर्थचाच फॉल्ट असेल तर ईएलसीबी आधीच पडेल ना?

पॅनेलताई

हो, पडेल. मघाशी तू प्रश्न चुकीचा वाचलास, पण हे बरोबर बोललास. तिथे आरसीसीबी असता तर तो चार सेकंद थांबला नसता. बोअरला तो हवाच.

धरमपेठची अनुवादिका

आता असं लिहिते: 'एमसीबी पडेपर्यंत त्याने जाऊ दिलेला I²t तारेच्या सोसण्यापेक्षा कमी आहे ना, हे केबलच्या दोन्ही टोकांच्या शॉर्टसाठी तपासा. हिशेबात सगळी उष्णता तांब्यात कोंडून राहते असे धरा.' 'ॲडियाबॅटिक' शब्द समीकरणाच्या नावात तसाच ठेवते. चालेल?

शब्दवेडा

'सोसण्यापेक्षा' छान. 'पडेपर्यंत' ऐवजी 'तोडेपर्यंत' करा. दांडी पडते वेगळी, करंट तुटतो वेगळा.

हिंगण्याचा वायरमन

आम्ही तर 'उडेपर्यंत' म्हणतो. 'पडला' म्हटलं तर पोट्टे खाली पाहतीन, कुठं पडला म्हणून.