नोटिशीला उत्तर: आधी वाक्य विचारा

> "सात दिवसांत बातमी काढून माफी छापा, नाहीतर अब्रुनुकसानीचा दावा, अशी बिल्डरच्या वकिलाची नोटीस आलीय. संपादकाने उत्तरात काय लिहावं?"

सात दिवस ही वकिलाने घातलेली मुदत आहे, कायद्याची नव्हे. तरी उत्तर द्याच, आणि तुमच्या वकिलामार्फत. गप्प बसलात तर पुढे तेच तुमच्याविरुद्ध दाखवतात.

सुरुवात 'सर्व हक्क अबाधित ठेवून' अशी करा. मग बातमीतलं नेमकं कोणतं वाक्य खोटं, ते विचारा. नोटिशीत बहुधा 'संपूर्ण बातमी बदनामीकारक' एवढंच असतं. समजा, बातमीत 'भोगवटा प्रमाणपत्राआधीच ताबा दिला' असं आहे आणि माहिती अधिकारात मिळालेलं महापालिकेचं उत्तर हाताशी आहे. मग बातमी कागदपत्रांवर आधारित असल्याचं ठामपणे लिहा, पण कागद जोडू नका, ते कोर्टासाठी. छापण्याआधी बिल्डरला पाठवलेल्या प्रश्नांची तारीख मात्र जरूर टाका. माहिती कोणी दिली, याचा इशाराही नको.

दिवाणी दाव्यात सत्य हा पुरेसा बचाव आहे. फौजदारीत (भारतीय न्याय संहिता, कलम ३५६) सत्यासोबत लोकहितही दाखवावं लागतं, म्हणून रहिवाशांच्या सुरक्षेचं एक वाक्य असू द्या. बिल्डरची बाजू छापायची तयारीही कळवा. 'दिलगीर आहोत' मात्र सौजन्य म्हणूनही नको.