‘बुकिंग’साठी ‘नोंदणी’ हा शब्द चालेल का?

सेलूकर

आमच्या गावाजवळ एका विकासकाचे ले-आउट आहे. ज्यांच्या शेतावर ते पडले, ती दोन कुटुंबे विक्रीत भागीदार आहेत, त्यामुळे हंगामाचा हिशेब त्यांना वाचता येईल अशा मराठीत मांडण्याचे काम माझ्याकडे असते. एन्क्वायरी, साइट व्हिजिट आणि बुकिंग या रकान्यांना ‘विचारणा’, ‘पाहणी’ आणि ‘नोंदणी’ असे शब्द दिले होते. भागीदारांपैकी एका काकांनी तक्ता वाचून विचारले की, ११ प्लॉटांची नोंदणी झाली असेल, तर आमच्या वाट्याचे पैसे कुठे आहेत? त्यांच्या लेखी नोंदणी म्हणजे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात झालेली रजिस्ट्री. तक्त्यात मात्र २१ हजारांचे टोकन दिलेले ११ जण मोजले होते. या टप्प्याला कोणता शब्द योग्य ठरेल? आणि या सबंध उतरंडीला, ज्याला विकासकाच्या कार्यालयात फनेल म्हणतात, मराठीत काय म्हणावे?

वऱ्हाडवाचक

सरळ ‘इसार’ म्हणावे. आपल्याकडे शेतीचा सौदा असो की बैलजोडीचा, इसार दिला की बोलणे पक्के होते. ‘टोकन’ आणि ‘बयाना’ हे दोन्ही शब्द बाहेरून आलेले आहेत. घरचा शब्द असताना ते कशाला वापरावेत?

पुलगावकर

बयाना मुळात फारसीतून आला हे खरे आहे, त्यातला ‘बै’ म्हणजे विक्री. पण आमच्या आजोबांच्या तोंडी तोच होता आणि गावातल्या जुन्या चिठ्ठ्यांतही तोच सापडतो. जो शब्द इतक्या पिढ्या वापरात आहे, त्याला बाहेरचा ठरवणे मला पटत नाही. शिवाय ‘रजिस्ट्री’ तुम्हाला चालते, मग बयान्यानेच काय बिघडवले?

हिशेबनीस, वर्धा

दोघांचेही म्हणणे वाचले, परंतु इसार आणि टोकन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. इसारचिठ्ठीत किंमत, मुदत आणि सौदा मोडल्यास इसाराचे काय होईल, हे लिहिलेले असते. ले-आउटवाले जे टोकन घेतात, ते बहुधा परत करण्याच्या बोलीवर घेतात, आणि घरी जाऊन विचार बदललेले बरेच जण ते परत नेतात. रेरा कायद्याच्या १३ व्या कलमानुसार किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम नोंदणीकृत करारनाम्याशिवाय घेता येत नाही. त्यामुळे खरे पैसे हलतात ते करारनाम्यानंतरच, आणि काकांचा प्रश्न अगदी रास्त होता. सेलूकर, तुमच्याकडचे माध्यमनिहाय आकडे देता का?

सेलूकर

गोल करून देतो. फेसबुकच्या जाहिरातीवर ९० हजार खर्च झाले. त्यातून ६०० विचारणा, ३० पाहण्या, ६ टोकन आणि शेवटी ३ करारनामे झाले. एजंटांकडून ४० विचारणा, २० पाहण्या, ५ टोकन आणि ४ करारनामे आले. प्लॉट साधारण १२ लाखांचा आहे आणि दलाली २ टक्के, तीही करारनामा झाल्यावरच दिली जाते.

हिशेबनीस, वर्धा

आता हे मांडून पाहू. टोकनला बुकिंग मानले, तर फेसबुकचे एक बुकिंग १५ हजारांना पडले. एजंटांना ४ करारनाम्यांचे ९६ हजार गेले, म्हणजे त्यांचे एक टोकन १९,२०० रुपयांना पडले. फेसबुक स्वस्त दिसते. करारनाम्याला बुकिंग मानले, तर फेसबुकचे ३० हजार होतात आणि एजंटांचे २४ हजार. म्हणजे निकाल उलटतो. त्यात फेसबुकच्या ग्राहकांना जागा दाखवायला गाडी विकासकाची जाते, तर एजंट आपल्या गाडीने आणतो. फेरीला ८०० रुपये धरले, तर ३० पाहण्यांचे २४ हजार आणखी चढतात आणि फेसबुकचा करारनामा ३८ हजारांवर जातो. पुढच्या हंगामाचे पैसे कोणत्या माध्यमावर लावायचे, हे तुम्ही ‘बुकिंग’ कशाला म्हणता यावरच ठरणार आहे. म्हणून ‘टोकन’ आणि ‘करारनामा’ असे दोन रकाने करा आणि ‘नोंदणी’ हा शब्द विक्रीपत्रापुरता राखून ठेवा.

वऱ्हाडवाचक

हिशेब मान्य आहे. तरीही टोकनला मराठी शब्द नकोच, असे यातून सिद्ध होत नाही. ‘कच्चा इसार’ म्हणता येईल.

आर्वीची वाचक

मी प्लॉट घेतला तेव्हाचा अनुभव सांगते, तो ‘पाहणी’ या शब्दाला धरून आहे. पहिल्यांदा आम्ही उन्हाळ्यात त्यांच्याच गाडीतून गेलो. दुसऱ्यांदा पाऊस सुरू झाल्यावर मी माझ्या भावाला घेऊन मुद्दाम गेले, कारण काळ्या मातीतला मुरमाचा रस्ता टिकतो का आणि नालीचे पाणी कोणत्या बाजूला वाहते, ते पाहायचे होते. आमच्या प्लॉटच्या कोपऱ्याला पाणी साचले होते, म्हणून आम्ही वरच्या ओळीतला घेतला. नंतर त्यांच्या वहीत माझ्या नावापुढे दोन व्हिजिट लिहिलेल्या दिसल्या. या दोन पाहण्या झाल्या की एक?

हिशेबनीस, वर्धा

ताई, कुटुंब एकच असल्यामुळे मोजणीत एकच. दोन धरल्या, तर पाहण्या फुगतात आणि पाहणीतून टोकनपर्यंत येणाऱ्यांचे प्रमाण विनाकारण घसरलेले दिसते. मात्र दुसरी पाहणी वेगळ्या खुणेने अवश्य टिपावी. जो स्वतःच्या खर्चाने घरच्या जाणत्या माणसाला घेऊन पुन्हा येतो, तो बहुतेक वेळा घेणारा असतो, आणि फोनवर पाठपुरावा करणाऱ्याने आधी त्याच्याकडे वळावे.

तिफण

फनेलला ‘नरसाळे’ म्हणतील, परंतु आपल्याकडे ‘चाडे’ हा शब्द आहे. तिफणीवरच्या चाड्यात वरून मूठ सोडली की बी नळ्यांतून खाली उतरते. शेतकरी भागीदारांना हा शब्द लगेच कळेल.

पुलगावकर

शब्द सुंदर आहे, पण चाड्यात टाकलेले सगळे बी खाली उतरते. इथे ६०० विचारणांपैकी ३ उरले. नरसाळ्यालाही तीच अडचण आहे. गळतीचा अर्थ येणारा शब्द हवा.

तिफण

बी उतरते सगळे, उगवते किती, ते वेगळे. आणि बी पेरल्यादिवशी पीक मागायचे नसते, हेही त्या शब्दात येते.

हिशेबनीस, वर्धा

तुमचे दुसरे वाक्य मला महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे ऑगस्टमध्ये विचारणा करणारा शेतकरी सोयाबीनचे किंवा कापसाचे पैसे हाती आल्यावर, दिवाळीच्या पुढेमागे करारनामा करतो. मधल्या पितृपक्षात तर कोणी टोकनही देत नाही. त्या त्या महिन्याच्या खर्चाला त्याच महिन्याच्या करारनाम्यांच्या संख्येने भागले, तर ऑगस्टची जाहिरात वाया गेलेली दिसते आणि डिसेंबरची फारच फलदायी. विचारणा ज्या महिन्यात आली, त्याच महिन्याच्या खात्यावर तिचा करारनामा चढवला पाहिजे, मग तो चार महिन्यांनी का होईना. शिक्षक, पोलीस अशा पगारदारांच्या बाबतीत ही फट लहान असते.

सेलूकर

रकाने वेगळे करतो. पण एक पेच उरतो. एजंटांच्या ४ करारनाम्यांपैकी एका ग्राहकाचा मोबाइल क्रमांक फेसबुकच्या विचारणांतही सापडला. त्याने जाहिरात पाहून आधी चौकशी केली आणि नंतर तो एजंटाबरोबर आला. दलाली द्यावी लागलीच. त्याला कोणत्या माध्यमाखाली लिहावे?

हिशेबनीस, वर्धा

मी पहिल्या विचारणेखाली लिहितो आणि दलालीही त्याच ओळीत धरतो. तसे केले, तर तुमचे करारनामे फेसबुकचे ४ आणि एजंटांचे ३ होतील.

पुलगावकर

हे मला अन्यायाचे वाटते. जाहिरात पाहून तो गप्प बसला होता. त्याला जागेवर नेऊन घरच्यांशी बोलणी एजंटाने केली. ज्याने सौदा जुळवला त्याच्याच नावावर तो चढला पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी एजंट कमी करण्याचा निर्णय याच तक्त्यावरून घेतला जाईल.

वऱ्हाडवाचक

आणि ‘कच्चा इसार’ या शब्दाबद्दल कोणी काहीच बोलले नाही.