निजामकाळातले कागद: फोटो काढा, ५९० मिळवा, झालं?

सेलूचा_शेतकरी
आजोबांच्या पेटीतले सत्तेचाळीस उर्दू कागद मी दोन संध्याकाळींत मोबाईलवर उतरवले. फोटो काढायचा, ॲपने काढलेले आकडे एक्सेलमध्ये टाकायचे, फसली म्हणजे महसुली सालात ५९० मिळवून इसवी साल काढायचं, एकर-गुंठ्याचं हेक्टर करायचं. कुणबी नोंदींसाठी लोक उर्दू वाचणाऱ्यांना पानामागे पैसे मोजतायत, त्यांची कीव येते. आकडे ते आकडेच, त्यात वाचायचंय काय?

जुनी_बंडलं
नुसतं पुढे जाणार होते, पण शेवटचं वाक्य गिळवलं नाही. बावीस वर्षं जुन्या दप्तराचे हे रुमाल सोडतेय, म्हणून सविस्तर लिहिते.

समजा कागदावर तारीख आहे १४ खुरदाद १३४७. तुमच्या हिशेबाने १९३७. पण हैदराबाद संस्थानाचं फसली वर्ष १ आजूरला, म्हणजे ६ ऑक्टोबरच्या आसपास सुरू व्हायचं. आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, आर्दिबेहेश्त, मग खुरदाद. सातवा महिना, म्हणजे एप्रिल उजाडला आणि इंग्रजी साल मध्येच बदललं. तो कागद १९३८ चा. ऑक्टोबर ते डिसेंबर ५९०, त्यानंतर ५९१.

आणि तो आकडा फसली आहे हे कशावरून? हिजरी १३४७ म्हणजे १९२८-२९. कारकून सालानंतर बारीक खूण करायचे: फसलीला ‘फे’, हिजरीला ‘हे’. ती कागदाच्या कडेला असते, आणि फोटो नीटनेटका दिसावा म्हणून आपण कापतो ती कडच. खूण गेली की महिन्याचं नाव बघा. रजब, शाबान, रमजान असेल तर हिजरी. दै, बहमन, तीर असेल तर फसली. नुसता आकडा टिपला की हा पुरावा गेला, आणि नऊ-दहा वर्षांचा फरक पडला तर आजोबांच्या जागी पणजोबा सापडतात.

आकड्यांचंही तसंच. उर्दू दोन आणि तीन यांत एका दात्याचा फरक. पाच बदामासारखा, घाईच्या हाताने पोकळ गोल होतो आणि आपला डोळा त्याला शून्य म्हणतो. खरं शून्य नुसता ठिपका. घडीवर शाई उडाली की १० चे १ होतात, डाग पडला की १ चे १०.

मृगाचा_पाऊस
ताई, आदर ठेवून सांगतो, फसली साल मृगापासून सुरू होतं. जूनमध्ये. आमच्या घरी चार पिढ्या हेच ऐकतोय. ऑक्टोबर कुठून काढलात?

जुनी_बंडलं
दादा, तुमचं गाव कुठलं?

मृगाचा_पाऊस
बार्शी.

जुनी_बंडलं
मग तुमचं बरोबर आहे. बार्शी मुंबई इलाख्यात, तिथे मृगापासूनच. पण परांड्याच्या बाजूचा कागद हातात आला की हद्द ओलांडली, तिथे आजूर. तोच आकडा, पण साल सुरू व्हायचा दिवस वेगळा. म्हणून आधी कागद कुठल्या कचेरीतला ते बघावं लागतं.

मृगाचा_पाऊस
बरं. आमच्या आत्याचा कागद परांड्याचाच आहे. एवढ्यापुरतं मान्य.

एडिसनहून
माझ्या आईच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख ५-६-१९४८ आहे. इथल्या अर्जात भाच्याने ती जशीच्या तशी भरली, इथे ती ६ मे झाली. आठ महिने कागद अडकले. तुम्ही सगळे फसलीत अडकलायत, खरा घोळ हा आहे.

परभणीचा_वकील
तुमचा घोळ वेगळा आहे, पण त्यातूनच मुद्द्यावर येतो. सेलूकर, एक्सेलमध्ये क्षेत्र कसं भरलंत?

सेलूचा_शेतकरी
जसं कागदावर आहे तसं. ३-२० असेल तर ३.२०. ३-५ टाकलं तर तो ३ मे करत होता, म्हणून टिंब दिलं. मग ०.४०४७ ने गुणलं.

परभणीचा_वकील
इथेच जमीन गेली. ३-२० म्हणजे तीन एकर वीस गुंठे, आणि एकरात गुंठे चाळीस. म्हणजे साडेतीन एकर. हेक्टरमध्ये १ हेक्टर ४१.६४ आर. तुमचं एक्सेल ३.२० ला तीन एकर आठ गुंठे समजलं, उत्तर आलं १ हेक्टर २९.५ आर. बारा गुंठे हवेत विरले. ३-५ ला उलटं होतं. पाच गुंठ्यांचे वीस झाले, पंधरा गुंठे फुकट मिळाले. वाटणीच्या दाव्यात असं कोष्टक घेऊन आलेला पक्षकार मी पाहिलाय. भाऊ भावाशी बोलत नाही आज.

सेलूचा_शेतकरी
थांबा. आमच्या सध्याच्या सातबाऱ्यावर १.४१ असं टिंबच असतं आणि ते बरोबर जुळतं.

परभणीचा_वकील
ते हेक्टर-आर आहे. हेक्टरात शंभर आर, म्हणून टिंब चालतं. त्याच सवयीने जुना एकर-गुंठा लिहिला की फसतो. गुंठ्याला वेगळा रकाना ठेवा, चाळिसाने भागा, मग एकरात मिळवा. आणि गुंठ्याच्या रकान्यात कुठेही ४० किंवा जास्त दिसलं तर आकडा चुकीचा वाचलाय किंवा ते गुंठे नाहीतच.

मृगाचा_पाऊस
एवढं कशाला? गुंठा म्हणजेच आर. आमचे तलाठी तेच सांगायचे.

परभणीचा_वकील
गुंठा १०१.१७ चौरस मीटर, आर १००. एका गुंठ्यात कळत नाही. साडेतीन एकरात १४० गुंठे, तिथे दीड आराहून जास्त फरक पडतो. बांधावर दीड आर म्हणजे काय ते शेतकऱ्याला मी सांगायला नको.

मृगाचा_पाऊस
पन्नास वर्षं गावाचा कारभार चालवला त्या माणसाने. तुम्ही कोर्टात बसून त्याला चुकीचं ठरवताय. बांधावर जाऊन कधी साखळी धरलीय का?

परभणीचा_वकील
धरलीय. वडील मोजणी खात्यात होते, सुट्टीत साखळीचं दुसरं टोक माझ्याच हातात असायचं. तोंडी बोलायला तुमच्या तलाठ्यांचं चालतं. दाव्यात चालत नाही.

जुनी_बंडलं
सेलूकर, गट नंबरही तपासा. १२/३ लिहिलेलं एक्सेल तारीख करून टाकतं. आकडे भरायच्या आधी रकाना ‘टेक्स्ट’ करून घ्यायचा, नंतर केलेला उपयोगी पडत नाही. आणि शेजारच्या रकान्यात कागदावरचं मूळ जसंच्या तसं लिहून ठेवा, महिना आणि खुणेसकट. रूपांतर चुकलं तरी परत जाता येतं.

सेलूचा_शेतकरी
तुमचं सगळं पटलं असं नाही, पण बारा गुंठ्यांचं पटलं. आत्ता बघितलं तर नऊ गट नंबर तारखा झालेत. सगळे कागद कडेसकट पुन्हा काढतो. पण एका कागदावर १३५२ फे आहे आणि महिन्याच्या जागी भोक. वाळवी. त्याचं काय करू?

जुनी_बंडलं
१९४२-४३ असं जोडसाल लिहा.

सेलूचा_शेतकरी
अर्जात एकच साल मागतात.

परभणीचा_वकील
मग १९४३ लिहा, वर्षाचे नऊ महिने त्यातच येतात.

जुनी_बंडलं
अजिबात नको. माहीत नसलेलं ठाम लिहायचं नाही. अर्जासोबत वेगळा खुलासा जोडा आणि त्यात १३५२ फसलीच लिहा.

परभणीचा_वकील
खुलासा वाचतो कोण, ताई? रिकामी चौकट दिसली की अर्ज परत येतो.