मदत हवी आहे: स्टोरीला लगेच उत्तर, मेसेजला मात्र नाही. यातून काय समजायचं?

सायली_पुणे: कॉलेजच्या मैत्रिणीला इन्स्टाग्रामवर सोमवारी रात्री मोठा मेसेज केला. नोकरी गेली आहे, फार बेचैन आहे, कधी बोलता येईल, असा. उत्तर नाही. बुधवारी मुळशीच्या पावसाचा फोटो स्टोरीत टाकला, तर दहा मिनिटांत तिचं आलं, "वा! कुठे आहेस?" मी लिहिलं "मुळशी", ती म्हणाली "मस्तच!" आणि संपलं. आज नववा दिवस. ती टाळते आहे का?

गवतीचहा: तिने तुला रिस्ट्रिक्ट केलं असणार. मग मेसेज रिक्वेस्टमध्ये जातो, तिला नोटिफिकेशन येत नाही आणि वाचला तरी 'सीन' दिसत नाही.

दिगंबर_न: रिस्ट्रिक्टची माहिती बरोबर आहे, पण इथे ती लागू होईलच असं नाही. सायली, "मस्तच!" वर तू काही पाठवलंस का? त्याखाली 'सीन' दिसतं का?

सायली_पुणे: हो, एक हसरा चेहरा पाठवला होता. त्याखाली 'सीन' आहे.

दिगंबर_न: मग रिस्ट्रिक्ट केलेलं नाही. आता क्रम बघ. स्टोरी पाहताना खालच्या चौकटीत उत्तर लिहिलं की ते तुमच्या चॅटमध्ये जाऊन पडतं, पण त्यासाठी तिला चॅट उघडावी लागत नाही. म्हणजे "कुठे आहेस?" लिहिताना तुझा सोमवारचा मेसेज तिच्या डोळ्यांसमोर असेलच असं नाही. शिवाय इनबॉक्सच्या यादीत शेवटची ओळ दिसते. तिथे स्टोरीवरचं बोलणं आलं आणि तुझा मेसेज मागे पडला.

पण पुढे तू हसरा चेहरा पाठवलास आणि तो 'सीन' झाला, म्हणजे चॅट तरी तिने उघडली. मोठा मेसेज दोन-तीन ओळी वरच होता. तो तिला दिसला असण्याची शक्यता बरीच आहे. तिने तो नीट वाचला का, हे मात्र 'सीन' सांगत नाही. ती खूण चॅट उघडल्याची आहे.

मीनल७४: माझा भाऊ व्हॉट्सॲपवर असंच करतो. स्टेटसला उत्तर देतो, मेसेजला निळी टिक कधीच नाही.

दिगंबर_न: त्याने निळ्या टिका बंद केल्या असतील. तसं केलं की त्याचं स्टेटस कोणी पाहिलं हे त्यालाही दिसत नाही आणि त्याने तुमचं पाहिलं हे तुम्हाला. इन्स्टाग्रामवरही Show read receipts बंद करता येतं, म्हणून 'सीन' न दिसणं हा न वाचल्याचा पुरावा धरू नका.

रानजाई: सोपा उपाय, तिच्यापासून स्टोरी लपव. मग मेसेज वाचेल.

अनघा_देश: रानजाई, त्याने उलट होईल. स्टोरी हा सध्या दोघींमधला एकमेव चालू धागा आहे.

मला तंत्रापेक्षा दोन मेसेजांच्या वजनातला फरक मोठा वाटतो. पावसाच्या फोटोला दोन शब्द पुरतात आणि चोवीस तासांत तो निघून जातो, म्हणून माणूस तिथल्या तिथे लिहितो. नोकरी गेल्याच्या मेसेजला वेळ काढून, शब्द जुळवून लिहावं लागतं. "निवांत लिहू" म्हणून लोक बाजूला ठेवतात, चार दिवस गेले की उशिराची लाज वाटते आणि मग उघडणंच टाळतात. शिवाय "कधी बोलता येईल?" यात वेळ ठरवायचं ओझंही तिच्यावर गेलं.

जुना मेसेज पुन्हा पाठवू नकोस, "वाचलास का?" विचारू नकोस. असं लिही: "रविवारी संध्याकाळी ६ वाजता फोन करू का? नसेल जमत तर नुसतं 'नाही' लिही." एका शब्दात उत्तर देता येईल असं. पुढच्या स्टोरीखाली नको, वेगळं पाठव.

गवतीचहा: आणि तरी उत्तर नाही आलं तर? मग टाळतेच आहे ना?

अनघा_देश: मधल्या काळात ती स्टोऱ्यांना उत्तर देत राहिली आणि या प्रश्नाला नाही, तर एवढं म्हणता येईल की या विषयावर बोलणं ती सध्या टाळते आहे. का, ते नाही. तिच्याही घरी काही चालू असेल, किंवा दुसऱ्याचं दुःख कसं हाताळावं हे तिला कळत नसेल. स्टोरी पाहणाऱ्यांच्या यादीत ती किती वर आहे, यावरूनही काही ठरवू नकोस.

सायली_पुणे: काल तसंच लिहिलं. तासाभरात आलं, "रविवारी नाही गं, बघते." दिवस सांगितला नाही. आता?

दिगंबर_न: मेसेज पोहोचतात, एवढं नक्की झालं. आता एकदा थेट फोन लावून बघ.

अनघा_देश: मी आठवडाभर थांबेन. तिने "नाही" सरळ लिहिलं, दिवस मात्र दिला नाही, त्यामुळे मला यातून अजून ठरवता येत नाही. पण या आठवड्यात तुला बोलायची गरज आहे. ते दुसऱ्या कुणाशी तरी आजच बोल, तिच्या उत्तरासाठी अडवून ठेवू नकोस.